नंबर कोणाच्या नावावर

लॉन्ड्रीत त्याला सगळे ‘वकील’ म्हणत. कोर्टाची पायरी तो आयुष्यात चढला नव्हता. इस्पितळाच्या ओल्या चादरी मोठ्या गरम रोलरमध्ये सरळ धरून सोडायच्या आणि पलीकडून घड्या होऊन आल्या की मोजून ट्रॉलीत रचायच्या, हे त्याचं काम. पण अर्ज लिहावा तर त्यानेच. कोणाला रजा हवी असो, कोणाच्या खोलीतला गिझर बिघडलेला असो, वकील कागद ओढायचा, पेनाचं टोपण दातात धरायचा आणि ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशी सुरुवात करायचा. दोन अर्ज मंजूर झाले होते. नामंजूर झालेल्यांचा हिशेब त्याने ठेवला नव्हता.

परदेशात येऊन त्याला दीड वर्ष झालं होतं. आल्या आल्या त्याने फोनमधलं घरचं सिम काढलं, इथलं घातलं आणि जुनं चिकटपट्टीने पासपोर्टच्या कव्हरला आतून चिकटवून टाकलं. निघताना वर्षभराचा रिचार्ज मारला होता, म्हणून गडी निर्धास्त. त्याच्याच खोलीत राहणाऱ्या, लॉन्ड्रीतल्या बॉयलरवाल्याने तेव्हाच सांगितलं होतं, “महिन्यातून एकदा सिम घालत जा, एखादा मेसेज पाठवत जा. मी तसंच करतो. नाहीतर नंबर जातो.”

“बारा वर्षांचा नंबर आहे,” वकील म्हणाला होता. “जाऊन जाऊन जाणार कुठे?”

तो गेला. वर्षाचा रिचार्ज संपला, त्यानंतर नव्वद दिवस त्या सिमवरून ना फोन झाला ना मेसेज, आणि कंपनीने नंबर बंद करून टाकला. त्याआधी कंपनीने रीतसर इशारे पाठवले असणार. पण ते सगळे त्याच सिमवर, आणि सिम पासपोर्टला चिकटलेलं. पासपोर्टला मेसेज वाचता येत नाहीत.

ही बातमी त्याला कळली ती बायकोच्या फोनवरून. दुपारची वेळ होती, सकाळपाळी संपवून तो नुकताच खोलीवर आला होता.

“अहो, लेकीचा नर्सिंगचा फॉर्म भरतोय. शेवटच्या पानावर कोड मागतात. तुमच्या नंबरवर आलाय म्हणे.”

“माझ्या? मग तुझा नंबर का नाही दिला?”

बायको म्हणाली, “नोंदणी तुम्ही करून दिली होती. मी म्हटलं होतं माझा टाका. तुम्ही काय म्हणालात आठवतंय? ‘पालकाचा म्हणजे वडिलांचा.’ गॅसला तुमचा, लाइटबिलाला तुमचा, शाळेला तुमचा. आणि तुम्ही समुद्रापलीकडे.”

“नंबर बदलून घ्या.”

“बदलायलाही आधी जुन्या नंबरवर कोड येतो.”

“बरं. करतो मी काहीतरी.”

“अठ्ठावीस शेवटची तारीख आहे. आज पाच.”

त्याने सिम सोलून काढलं, पिनेने खाच उघडून फोनमध्ये घातलं. ‘नेटवर्क नाही.’ बॉयलरवाल्याच्या फोनवरून स्वतःचा नंबर लावला, तर एक बाई अत्यंत सौजन्याने म्हणाली की हा नंबर अस्तित्वात नाही. बारा वर्षं ज्याच्या आधारावर आपण अस्तित्वात आहोत असं तो समजत होता, त्याची ही वासलात.

कंपनीचा तीन आकडी मदत क्रमांक परदेशातून लागेना. मग त्याने कंपनीचं ॲप उघडलं. ॲप म्हणालं, तक्रार नोंदवण्यासाठी आपल्या नंबरवर आलेला कोड टाका. बॉयलरवाला हे बघून इतका हसला की त्याचा चहा शर्टावर सांडला. उरला ईमेल. आणि ईमेल म्हणजे पत्र, आणि पत्र म्हणजे वकिलाचं मैदान.

तो पलंगावर मांडी घालून बसला, उशी पुढ्यात ठेवून तिच्यावर कागद घेतला. टायपिंग नंतर, आधी हाताने, ही त्याची पद्धत. तीन पानं झाली. विषय होता, ‘अन्यायकारकरीत्या खंडित करण्यात आलेल्या भ्रमणध्वनी क्रमांकाच्या तात्काळ पुनरुज्जीवनाबाबत’. संध्याकाळी त्याने ते बॉयलरवाल्याला वाचून दाखवलं.

“‘महोदय, प्रस्तुत अर्जदार हा आपला बारा वर्षांचा एकनिष्ठ ग्राहक असून, उदरनिर्वाहार्थ परदेशी वास्तव्यास आहे. सदर क्रमांकाशी अर्जदाराचे असंख्य स्नेही, आप्तेष्ट व हितचिंतक जोडलेले असून ते सैरभैर झाले आहेत...’”

“कोण सैरभैर झालंय?”

“असं लिहावं लागतं.”

“दीड वर्षात तू मला एकाही हितचिंतकाचं नाव सांगितलेलं नाहीस. आणि नंबर कुठे लिहिलायस?”

“तिसऱ्या पानावर.”

“तो वर घे. त्यांना तेवढाच लागतो.”

वकिलाला हे अडाणीपणाचं वाटलं. नंबर तिसऱ्या पानावरच राहिला. पासपोर्टची प्रत आणि व्हिसाची प्रत जोडून मेल गेला. लगेच तक्रार क्रमांक आला, तेव्हा त्याने तो सगळ्या खोलीला दाखवला, जणू निकालच लागला.

चार दिवसांनी उत्तर आलं. आपण नमूद केलेला क्रमांक सुरू असून अन्य ग्राहकाच्या वापरात आहे, त्यामुळे आपली विनंती मान्य करता येत नाही.

वकिलाच्या अंगाचा तिळपापड झाला. “दिला! माझा नंबर दुसऱ्याला देऊन मोकळे झाले! बंद होऊन तीन महिने नाही झाले. काही दिवस राखून ठेवायचा असतो, हा नियम आहे. ग्राहक मंचात खेचतो यांना.”

बॉयलरवाल्याने मुकाट्याने वकिलाचा मेल उघडला, तिसऱ्या पानावरचा नंबर बघत बघत आपल्या फोनवर दाबला आणि स्पीकर सुरू केला. कोणीतरी म्हाताऱ्या बाई बोलल्या.

“मावशी, हा नंबर तुमच्याकडे कधीपासून आहे?”

“नऊ वर्षं झाली. का? काय लागलंय? विमा नको मला.”

“नाही नाही. माफ करा.” बॉयलरवाल्याने फोन ठेवला आणि वकिलाकडे वळून विचारलं, “तुझा नंबर सत्तेचाळीसवर संपतो ना?”

“हो.”

“इथे चौऱ्याहत्तर लिहिलंस.”

तीन पानं, दोन तास, एक ‘पुनरुज्जीवन’, एक ‘उदरनिर्वाहार्थ’, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तो नंबरच चुकीचा. त्याने एका निरपराध मावशींचा चालू नंबर आपल्या नावावर करून मागितला होता.

दुसरं पत्र दीड पानाचं झालं. नंबर पहिल्या ओळीत. आकडे बॉयलरवाल्याने मोठ्याने वाचले, वकिलाने एकेक टाकला, शाळेत शुद्धलेखन घालतात तसे. हितचिंतक गाळले.

दुसऱ्या दिवशी कामावर त्याचं लक्ष लागेना. रोलरसमोर दोघं लागतात. चादरीची दोन टोकं दोघांनी एकाच वेळी ताणून धरायची असतात, नाहीतर ती तिरकी आत जाते. वकील आपलं टोक वेळेआधी सोडत होता. समोरचा जोडीदार ओरडला, “अरे, तुझा नंबर गेलाय, हात नाही गेलेत!” म्हणजे हे प्रकरण आता खोलीबाहेर पडून अख्ख्या लॉन्ड्रीत पोचलं होतं. जेवणाच्या सुट्टीत तिघांनी स्वतःची सिमं काढून तपासली. एकाने तर वकिलाला सांगितलं, “तुझ्यामुळे मी वाचलो बघ.” उपकार करायची ही रीत त्याला नवीन होती.

सोळा तारखेला दुसरं उत्तर आलं. भाषा पहिल्यापेक्षा मवाळ होती. सदर क्रमांक वापराअभावी बंद झाला असून अद्याप राखीव आहे, दुसऱ्या कोणाला दिलेला नाही. तथापि आमच्या नोंदीनुसार तो आपल्या नावावर नाही. ज्यांच्या नावावर आहे त्यांनी मूळ ओळखपत्रासह जवळच्या दुकानात स्वतः येऊन अर्ज करावा. नोंदणीकृत ग्राहकाची माहिती सुरक्षेच्या कारणास्तव आम्ही देऊ शकत नाही.

“माझ्या नावावर नाही?” वकील म्हणाला. “मग काय माझ्या आजोबांच्या नावावर आहे?”

“सिम घेतलं तेव्हा कोणाचे कागद दिले होतेस?” बॉयलरवाल्याने विचारलं.

आणि वकील हळूहळू पलंगावर बसला.

बारा वर्षांपूर्वी तो कामाच्या शोधात ताईकडे राहायला आला होता. ओळखपत्रावर जुना पत्ता, त्यावरचा फोटो असा की आईनेही ओळखलं नसतं. दोन दुकानदारांनी सिम द्यायला नकार दिला. तेव्हा दाजी, म्हणजे ताईचे यजमान, त्याला स्कूटरवर मागे घालून घेऊन गेले, स्वतःचं ओळखपत्र पुढे केलं, सही केली आणि सिम त्याच्या हातावर ठेवून म्हणाले, “घे. आता नोकरीच्या अर्जावर लिहायला नंबर झाला.” पुढे बारा वर्षं तो त्या नंबराला ‘माझा नंबर’ म्हणत राहिला, आणि कागदावर तो दाजींचाच राहिला.

ही आठवण सुखाची झाली असती, पण दाजी त्याच्याशी पाच वर्षं बोलत नव्हते.

त्यालाही कारण वकीलच. दाजींनी चष्म्याचं स्वतःचं दुकान काढलं होतं. उद्घाटनाला पाहुणे जमले, फीत कापली, बोर्डावरचा पडदा सरकला. पेंटरने ‘दृष्टी चष्मेघर’ऐवजी ‘दुष्टी चष्मेघर’ रंगवलं होतं. ते दिसलं सगळ्यांनाच, पण बोललं कोणी नाही. वकिलाला मात्र राहवेना. त्याने ते मोठ्याने वाचलं आणि वर म्हणाला, “दाजी, चष्म्याच्या दुकानदाराला स्वतःचा बोर्ड दिसला नाही होय?” माणसं पोट धरधरून हसली. दाजींनी त्याच संध्याकाळी बोर्ड उतरवला. वकील दुसऱ्या दिवसापर्यंत आपल्या विनोदावर खूश होता. ताईचा फोन आला तेव्हा कुठे त्याला कळलं की आपण काय करून बसलो. पण तोवर ‘मी काय चुकीचं वाचलं?’ या मुद्द्यावर तो अडून बसला होता, आणि पाच वर्षं तिथेच अडून होता.

त्याने दाजींच्या नावाने एक अर्ज तयार केला, भारदस्त, एक पानी, फक्त सही मारायची बाकी. तो ताईला पाठवला आणि लिहिलं, ‘दाजींना सांग, सही करून दुकानात द्या.’

ताईचा लगेच फोन आला. “मी नाही सांगणार.”

“अगं ताई, लेकीच्या फॉर्मचा प्रश्न आहे.”

“ठाऊक आहे. वहिनीने सांगितलंय सगळं. पण तोंड तुझं, जीभ तुझी, फोनही तुझा. मी काय तुमची पोस्टमन आहे? नंबर देते, घे लिहून.” मग म्हणाली, “नीट लिही हो. शेवटचे आकडे उलटे करू नकोस.”

म्हणजे तेही तिथवर पोचलं होतं.

अठरा तारखेला त्याची सुट्टी होती. सकाळपासून त्याने दोनदा दाढी केली, जणू फोनवरून दाजींना गाल दिसणार होते. काय बोलायचं त्याचे मुद्दे कागदावर काढले. पहिला मुद्दा ‘प्रस्तावना’ होता. दहाच्या सुमारास त्याने खोलीचं दार लोटून घेतलं आणि फोन लावला.

“बोला. चष्मेघर.”

“दाजी, मी बोलतोय.”

“मी म्हणजे कोण?”

ओळखलं होतं. आवाजातच कळत होतं. वकिलाने कागदाकडे बघितलं. प्रस्तावनेखाली त्याने लिहिलं होतं, ‘काळाच्या ओघात काही गैरसमज’. त्याला ते वाचवेना.

“दाजी, मी तुमचा शालक. ज्याने तुमच्या दुकानात येऊन तुमची अब्रू घालवली तो.”

पलीकडे काचेवर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला.

“पुढे.”

“त्या दिवशी मी गाढवपणा केला. बोर्ड चुकला होता, पण मी जास्त चुकलो. हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं. सांगायला पाच वर्षं लावली.”

“आणि आज का सांगतोयस?”

खोटं बोलायची सोय होती. ‘सहज आठवण आली’ म्हणता आलं असतं. “काम आहे म्हणून,” तो म्हणाला. “काम नसतं तर अजून पाच वर्षं लावली असती. मी तसाच आहे.”

दाजी हसले नाहीत, पण त्यांचा श्वास मोकळा झाल्यासारखा ऐकू आला. “काम काय आहे ते ठाऊक आहे मला. तुझी लेक परवाच येऊन गेली. ‘काका, बाबांचा नंबर तुमच्या नावावर असेल का हो?’ म्हणून विचारत होती.”

“तिला कसं कळलं?”

“तिच्या आईला आठवत होतं. तू सोडून सगळ्यांना आठवत होतं.” मग ते म्हणाले, “मी तेव्हाच जाऊन आलो असतो. पण म्हटलं, बघू तरी, हा गृहस्थ फोन करतो का.”

वकिलाने मुद्द्यांचा कागद घडी करून खिशात घातला.

“आणि ऐक,” दाजी म्हणाले, “तुझा तो अर्ज तुझ्या ताईच्या फोनवर वाचला मी. ‘पुनर्प्रस्थापित’ काय, ‘यथोचित’ काय. काउंटरवरची मुलगी घाबरेल. मी माझा लिहितो.”

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास दाजी कंपनीच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीने ओळखपत्र पडताळलं, कॅमेऱ्यासमोर उभं करून त्यांचा फोटो घेतला, तो जुळवला आणि सांगितलं की नंबर पूर्ण बंद झालेला असल्याने वरून मंजुरी लागेल, लेखी अर्ज द्या. दाजींनी तिथेच उभ्याने चार ओळी लिहिल्या. देण्याआधी त्याचा फोटो काढून वकिलाला पाठवला.

‘हा नंबर माझ्या नावावर आहे. माझा मेहुणा परदेशात कामाला आहे, तो वापरत होता. वापर न झाल्याने बंद पडला. मुलीच्या प्रवेशाचा कोड या नंबरवर येतो, अठ्ठावीसच्या आत लागेल. क्रुपया परत सुरू करावा.’

वकिलाने तो पुन्हा पुन्हा वाचला. ‘क्रुपया’वर त्याची नजर अडकली. बोटं शिवशिवली. त्याने ‘क’ला ‘ऋ’कार लावून दुरुस्त शब्द टाईपही केला. मग एक एक अक्षर खोडलं आणि लिहिलं, ‘दाजी, यात एक शब्द बदलू नका.’

“सुधारतोयस तू,” खांद्यावरून बघणारा बॉयलरवाला म्हणाला.

तेवीस तारखेला मंजुरी आली. दाजींना नवीन सिम मिळालं आणि ते दुकानातल्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये गेलं. चार तासांनी नेटवर्कच्या काड्या उभ्या राहिल्या. लेक वही घेऊन चष्मेघरात येऊन बसली होती, पण कोड काही येईना. पुन्हा मागवला, पुन्हा नाही. वकिलाने इकडून चार फोन केले, हताश होऊन आणखी एक पत्र लिहायला पेन काढलं. शेवटी दाजींनीच काउंटरवरच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, नवीन सिम दिल्यावर सुरक्षेसाठी चोवीस तास मेसेज येत नाहीत, सिम देतानाच सांगितलं असतं पण तुम्ही घाईत होता. पेन पुन्हा खिशात गेलं.

चोवीस तारखेला संध्याकाळी कोड आला. सहा आकडे. दाजींनी चष्मा कपाळावर चढवून एकेक मोठ्याने वाचला, लेकीने टाकला, आणि फॉर्म जमा झाला. लेकीने लगेच बापाला फोन केला, “बाबा, झालं! आणि मी फॉर्मवर आईचा नंबर टाकलाय. आता पुढचं सगळं तिच्याकडे येईल.”

“बरं केलंस,” वकील म्हणाला, आणि त्याला ते खरंच बरं वाटलं, फक्त थोडंसं टोचलं.

राहिला प्रश्न नंबर वकिलाच्या नावावर करण्याचा. त्यासाठी दोघांना आपापली ओळखपत्रं घेऊन दुकानात समोरासमोर हजर राहावं लागतं, म्हणजे वकील रजेवर येईपर्यंत ते होणार नव्हतं. तोवर सिम दाजींकडे. मधल्या काळात ते पुन्हा बंद पडू नये म्हणून त्याच्यावर रिचार्ज हवा आणि अधूनमधून वापरही हवा.

पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी वकील खोलीतल्या खिडकीच्या कट्ट्यावर कपडे वाळत घालत होता. फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, ‘मी’. स्वतःचा घरचा नंबर त्याने कधीकाळी तसा साठवून ठेवला होता. ओल्या हातानेच त्याने फोन उचलला.

“नंबर जिवंत ठेवायला केलाय,” दाजी म्हणाले. “दुसरं काही नाही.”

“हो हो. किती लोकांचे फोन आले हो त्याच्यावर? कोणी विचारत होतं का?”

“महिन्यात दोन. एक विम्याचा. आणि एक माणूस म्हणाला, रॉंग नंबर.”

वकील हसला. मग दाजींनी विचारलं, तिकडे डोळ्यांना वाफेचा त्रास होतो का, रोलरजवळ काम करतोस म्हणे. वकील म्हणाला, संध्याकाळी बारीक अक्षरं दोन दोन दिसतात. “किती दिवसांपासून?” दाजींनी विचारलं. “उजवा की डावा? लांबचं दिसतं? कागद हातभर दूर धरून बघ बरं.” आणि वकील ओला शर्ट खांद्यावर टाकून, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून, दाजी सांगतील तसं कधी लांब कधी जवळ धरत राहिला.